सलाईन किती वाजता संपेल? वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी

दुपारी दोनचा हँडओव्हर सुरू असतो. सकाळच्या शिफ्टच्या सिस्टरला ठाणे स्टेशन गाठायची घाई असते, ती भरभर सांगत जाते, "सहा नंबरला आरएल चालू आहे." तेवढ्यात सहा नंबरच्या पेशंटचा मुलगा विचारतो, "सिस्टर, ही बाटली कधी संपेल? मी तोवर जेवून येऊ का?" नवीन मुलगी बाटलीकडे बघते आणि म्हणते, "दोन-तीन तास लागतील." हे उत्तर मला ऐकवत नाही. दोन तास आणि तीन तास यांत एक तासाचा फरक असतो, आणि त्या एका तासात बाटली कोरडी पडून नळीत रक्त चढतं, कॅन्युला गोठतो, आणि पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते.

मी नौपाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये बरीच वर्षं काम करते. मुरबाड-शहापूरकडून नुकत्याच कोर्स संपवून आलेल्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवते. गणित तिसरीतलं आहे. मुली अडखळतात त्या गणिताच्या आधी आणि गणिताच्या नंतर.

आधी सेटचं पाकीट वाचा

थेंब म्हणजे काही ठरलेलं माप नाही. थेंब किती मोठा पडणार हे आयव्ही सेटवर अवलंबून असतं. आपल्याकडे मोठ्यांसाठी नेहमी वापरतात त्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचं १ मिली होतं. लहान मुलांचा सेट, म्हणजे मायक्रोड्रिप, त्यात ६० थेंबांचं १ मिली. काही सेट १५ थेंबांचेही येतात. हा आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पाकीट फाडून कचऱ्यात टाकू नका.

पाकीट गेलंच असेल, उदाहरणार्थ तुम्ही शिफ्टवर आलात तेव्हा सेट आधीच लावलेला असेल, तर चेंबरच्या आत बघा. वरून थेंब जिथून सुटतो तिथे बारीक चकचकीत धातूची नळी दिसली तर तो मायक्रोड्रिप. नुसतंच प्लास्टिकचं जाडसर तोंड असेल आणि थेंब टपोरा पडत असेल तर तो साधा सेट. मात्र १५ चा की २० चा हे बघून कळत नाही. अशा वेळी स्टोअरमधून त्याच कंपनीचं नवीन पाकीट मागवून वाचायचं.

गणित

बाटलीत जेवढे मिली उरलेत त्यांना सेटच्या आकड्याने गुणायचं, म्हणजे एकूण थेंब मिळतात. त्याला मिनिटाला पडणाऱ्या थेंबांनी भागायचं, म्हणजे मिनिटं मिळतात.

```
मिनिटे = उरलेले मिली × एका मिलीचे थेंब ÷ मिनिटाचे थेंब
```

सहा नंबरचंच उदाहरण घेऊ. दोन वाजता बाटलीत ३०० मिली उरलंय. सेट २० चा आहे. तुम्ही मिनिटभर मोजलं तर ३० थेंब पडले. ३०० गुणिले २० म्हणजे ६००० थेंब. त्याला ३० ने भागलं की २०० मिनिटं, म्हणजे ३ तास २० मिनिटं. बाटली ५ वाजून २० मिनिटांनी संपेल. मुलाला सांगायचं, "जेवून या, पाच-सव्वापाचपर्यंत चालेल."

वॉर्डात घाई असते तेव्हा मी एक सोपी पायरी वापरते. २० चा सेट असेल तर मिनिटाच्या थेंबांना ३ ने गुणा, तासाला जाणारे मिली मिळतात. कारण तासात ६० मिनिटं, आणि ६० ला २० ने भागलं की ३. म्हणजे ३० थेंब असतील तर तासाला ९० मिली. मायक्रोड्रिपला गुणायचीही गरज नाही, मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिली.

इथे एक चूक मी दर बॅचला बघते. मुली मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ३०० भागिले ९० करतात, पडद्यावर येतं 3.33, आणि त्या लिहितात, ३ तास ३३ मिनिटं. असं नाही. टिंबापुढचा आकडा तासाचा भाग सांगतो, मिनिटं नाही. टिंबापुढच्या ०.३३ ला ६० ने गुणलं की २० मिनिटं येतात. तेरा मिनिटांची ही चूक छोटी वाटेल, पण त्या तेरा मिनिटांत बाटली रिकामी टांगलेली असते आणि तुम्ही दुसऱ्या खाटेपाशी निवांत असता. म्हणून मी नव्या मुलींना आधी मिनिटांचंच गणित करायला लावते, तास शेवटी.

थेंब मोजायचे कसे

घड्याळाचा सेकंद काटा किंवा मोबाईलचा स्टॉपवॉच घ्या आणि चेंबरच्या अगदी समोर उभ्या राहा. चेंबर अर्धा भरलेला हवा. पूर्ण भरला असेल तर थेंब पडताना दिसतच नाही, आणि फारच रिकामा असेल तर नळीत हवा जायची भीती.

ज्या थेंबावर घड्याळ सुरू केलंत त्याला 'शून्य' म्हणा, पुढच्याला 'एक'. पहिल्यालाच 'एक' म्हटलं तर दर वेळी एक थेंब जास्त मोजला जातो.

आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय सगळ्यांनाच लागते, मलाही होती. थेंब भरभर पडत असतील तर त्याने फार बिघडत नाही. पण सावकाश चालणाऱ्या ड्रिपचा विचार करा. तुम्हाला २१ थेंब हवेत. पंधरा सेकंदांत कधी ५ मोजले जातील, कधी ६. पाच मोजले तर तुम्ही २० समजता, सहा मोजले तर २४. सेट २० चा असेल तर पहिल्या हिशोबाने तासाला ६० मिली, दुसऱ्या हिशोबाने ७२. आठ तासांत हा फरक ९६ मिली होतो, म्हणजे ५०० च्या बाटलीचा जवळपास पाचवा भाग. फक्त पंचेचाळीस सेकंद वाचवण्यासाठी.

गणित बरोबर, तरी बाटली वेळेवर संपत नाही

सांगितलेली वेळ हा अंदाज आहे. थेंब आहे त्याच वेगाने पडत राहिले तरच तो खरा ठरतो, आणि ते तसे पडत राहत नाहीत. ग्रॅव्हिटीवर चालणाऱ्या सलाईनला कोणी ढकलत नसतं. बाटली पेशंटच्या हातापेक्षा वर आहे म्हणून द्रव खाली येतो, एवढंच. त्यामुळे पेशंट उठून बसला, खाट वर केली, कोपर दुमडलं, त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला, की थेंब मंदावतात किंवा थांबतात. हात सरळ केला की पुन्हा धावतात. रोलर एकदा लावला की लागला असंही नसतं, दाबलेली प्लास्टिकची नळी हळूहळू आकार बदलते आणि अर्ध्या तासात वेग सरकलेला असतो. म्हणून नवी बाटली लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून निसटते. प्लास्टिकच्या बाटलीतून द्रव निघतो तशी आत हवा जायला हवी. सेटला त्यासाठी एक छोटं झाकण असतं, एअर व्हेंट. ते उघडायचं राहिलं की बाटली आतल्या आत चेपत जाते, थेंब मंद होत जातात, आणि चेपलेल्या बाटलीवरचा मिलीचा आकडाही खोटा दिसायला लागतो. काही ठिकाणी अशा वेळी बाटलीच्या बुडात सुई खुपसतात. कृपया तसं करू नका. त्या सुईवाटे वॉर्डातली न गाळलेली हवा थेट सलाईनमध्ये जाते, तिच्यासोबत जंतूही. व्हेंटमध्ये फिल्टर असतो तो याचसाठी. व्हेंट उघडा. सेटला व्हेंटच नसेल तर सेट बदला.

मग अंदाज खरा आहे की नाही हे कळायचं कसं? बाटलीकडे बघून. सहा नंबरला दोन वाजता ३०० होतं, तासाला ९० जायला हवं, म्हणजे तीन वाजता २१० दिसलं पाहिजे. समजा तीन वाजता २४० दिसलं. म्हणजे ९० ऐवजी ६० मिलीच गेलं, मिनिटाला सरासरी २० थेंब. तुम्ही मोजलं तेव्हा ३० पडत होते हे खरं, पण मधल्या वेळात पेशंट चहा प्यायला उठून बसला होता. आता वेग २० वरच राहिला तर उरलेल्या २४० मिलीला चार तास, बाटली सात वाजता संपणार. एवढं कळलं की कारण शोधायचं. हात बघा, कॅन्युलाच्या वरचा भाग बघा. तिथे सूज असेल, हात गार लागत असेल, तर सलाईन शिरेबाहेर चाललंय. रोलर बंद करा आणि कॅन्युला बदलायची तयारी करा. लाल झालं असेल, दुखत असेल, तर शीर सुजली आहे, तिथेही कॅन्युला काढावाच लागतो. यातलं काही नसेल तर हात सरळ ठेवून पुन्हा मोजा.

मागे पडलेली बाटली 'भरून काढायला' वेग वाढवू नका. ही इच्छा सगळ्यांना होते, शिफ्ट संपत आली की जास्तच. बाटलीवर लिहिलेली वेळ डॉक्टरांनी पेशंटच्या हृदयाचा, किडनीचा विचार करून ठरवलेली असते. फरक मोठा असेल तर इनचार्ज सिस्टरला आणि आरएमओंना सांगायचं, नवा वेग त्यांनी ठरवायचा.

आकडा वाचताना डोळे द्रवाच्या पातळीला आणा. बाटली उलटी टांगलेली असते, त्यामुळे छापलेले आकडे वरून खाली वाढतात की खालून वर, हे आधी पाहून घ्या. काहींवर उरलेलं वाचता येतं, काहींवर गेलेलं.

एक रात्र

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. हॉस्पिटल दुसरं होतं. पावसाळ्याचे दिवस, वॉर्ड तापाच्या पेशंटांनी भरलेला, पॅसेजमध्येही खाटा. एका आजींना, वय बहात्तर, हृदयाचा जुना त्रास, एनएस ५०० मिली आठ तासांत द्यायचं होतं. ५०० भागिले ८ म्हणजे तासाला साडेबासष्ट मिली. मी आधी लहान मुलांच्या वॉर्डात होते, तिथे सगळे मायक्रोड्रिप. सवयीने मी मनात म्हटलं, तासाला ६२ म्हणजे मिनिटाला ६२ थेंब. पावणेनऊला बाटली लावली, मोजून ६२ थेंब ठेवले, बरोबर मोजले होते. फक्त सेट २० चा होता.

६२ थेंब गुणिले ३ म्हणजे तासाला १८६ मिली. आठ तासांची बाटली दोन तास एकेचाळीस मिनिटांत संपणार होती.

सव्वादहाला मी राऊंडला गेले. आजी उशीला टेकून उठून बसल्या होत्या आणि खोकत होत्या. मला म्हणाल्या, "बाळा, आडवं झालं की गुदमरतंय गं." मी बाटलीकडे पाहिलं तर ती अर्ध्याच्याही खाली होती. त्या वेळी ४०० च्या आसपास हवं होतं आणि २२० दिसत होतं. मी रोलर बंद केला, कॅन्युला तसाच ठेवला, आजींना ताठ बसवलं, मावशींना ऑक्सिजन आणायला सांगितला आणि आरएमओंकडे पळाले. त्यांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लघवीचं इंजेक्शन दिलं, पहाटेपर्यंत आजींचा श्वास शांत झाला. त्या रात्री मी राऊंडला तासभर उशिरा गेले असते तर काय झालं असतं, हे मला आजही लख्ख दिसतं.

त्या बाटलीला हवे होते मिनिटाला २१ थेंब. हे उलटं गणित, वेळ दिली असेल तर थेंब किती ठेवायचे:

```
मिनिटाचे थेंब = मिली × एका मिलीचे थेंब ÷ मिनिटे
५०० × २० ÷ ४८० = २०.८, म्हणजे २१
```

२१ थेंब म्हणजे साधारण तीन सेकंदांना एक. ६२ म्हणजे सेकंदाला एक. हा फरक नुसत्या नजरेला कळतो. 'आठ तासांची बाटली आणि सेकंदाला एक टपोरा थेंब' हे जुळत नाही, एवढं डोक्यात असतं तरी मी तिथेच थांबले असते. आता मी मुलींना सांगते, आठ तासांची ५०० ची बाटली साध्या सेटवर असेल तर दोन थेंबांमध्ये मनातल्या मनात 'एक, दोन' म्हणण्याइतकी जागा असलीच पाहिजे.

बाटलीवरची पट्टी

त्या रात्रीनंतर मी प्रत्येक मोठ्या बाटलीला उभी चिकटपट्टी लावते. पट्टीवर लावल्याची वेळ, सेटचा आकडा, थेंब आणि संपायची वेळ लिहायची, आणि तासातासाला पातळी कुठे हवी तिथे आडवी रेघ. सगळ्या रेघा मारायला वेळ नसेल तर निदान मधली मारा. रात्री नऊला लावलेली आठ तासांची ५०० ची बाटली एक वाजता २५० वर हवी. त्या रेघेजवळ '१ वाजता' लिहून ठेवलं की पुढून जाणाऱ्या मावशीलाही कळतं की काहीतरी मागे किंवा पुढे आहे. मार्करने थेट प्लास्टिकवर लिहू नका, शाई आत झिरपू शकते. पट्टीवरच लिहा.

बाटलीत औषध टाकलं असेल तर तेवढे मिली वाढतात. मल्टिव्हिटॅमिनची १० मिलीची अँप्युल टाकली तर गणित ५१० चं. फरक फार नाही, पण १०० मिलीच्या बाटलीत टाकलं तर दिसण्याइतका पडतो.

पोटॅशियम टाकलेली बाटली, बीपी सांभाळणारी औषधं, इन्सुलिन, किंवा तान्ही मुलं, इथे थेंब मोजून भागवू नका. वर सांगितलं तसा वेग आपोआप सरकतो, आणि या औषधांना तेवढं सरकणंही चालत नाही. ती इन्फ्युजन पंपावरच हवीत, आणि पंप रिकामा नसेल तर तसं डॉक्टरांना सांगायला लाजू नका. पंपावर तासाचे मिली टाकतात, तिथे थेंबांचा प्रश्नच येत नाही.

नातेवाइकांना एक वाक्य आवर्जून सांगा, "रोलरला हात लावायचा नाही." दिवसापुरती सलाईन घ्यायला आलेल्या एका पेशंटच्या भावाने कर्जत लोकल चुकू नये म्हणून रोलर पूर्ण उघडला होता, तो माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "वेळ लागतोय" असं वाटलं तर बेल वाजवा, हे त्याला आधी कळायला हवं होतं.

संपायच्या आधी पोहोचणं

संपायची वेळ काढली की मोबाईलवर गजर लावा, पण त्या वेळेचा नाही. ५० मिली उरेल तेव्हाचा लावा. सहा नंबरला ३० थेंबांनी ५० मिलीला ३३ मिनिटं लागतात, म्हणजे ५:२० ला संपणाऱ्या बाटलीसाठी गजर पावणेपाचचा. पुढची बाटली आणून तिचं नाव, तारीख आणि गढूळपणा तपासायला तेवढा वेळ लागतोच.

पोहोचायला उशीर झाला आणि बाटली रिकामी पण चेंबरमध्ये द्रव आहे, तर रोलर बंद करून बाटली बदला, काही बिघडलेलं नाही. चेंबरही रिकामा झाला असेल तर नवी बाटली लावून रोलर बंद असतानाच चेंबर हलक्या हाताने दाबून अर्धा भरा, आणि खालच्या नळीत हवा शिरली आहे का ते उजेडात धरून बघा. दोन-चार बारीक बुडबुडे असतील तर नळी ताणून टिचकी मारली की ते वर चेंबरमध्ये चढतात. नळीत हवेचा लांब पट्टा दिसत असेल तर तो पेशंटच्या दिशेने सोडू नका. सेट कॅन्युलापासून सोडवून हवा बाहेर काढावी लागते, ते पहिल्या काही वेळा सिनियर सिस्टरला शेजारी उभं करूनच करा. नळीत रक्त चढून कॅन्युला बंद झाला असेल तर सिरिंजने जोर लावून मोकळा करायचा नाही, तो बदलायचा.

आणि रात्री आठला हँडओव्हर देताना "सहा नंबरला आरएल चालू आहे" असं नाही. "सहा नंबरला आरएल, २० चा सेट, ३० थेंब, आत्ता १८० उरलंय, दहाला संपेल, साडेनऊला बघा." पुढच्या सिस्टरने तिथेच तुमच्यासमोर मिनिटभर मोजायचं, आणि मगच तुम्ही स्टेशनकडे निघायचं.